एकाच माणसाबद्दल विचारलं की दरवेळी तलवारीची राणीच का येते?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय. मी सांगलीची, विश्रामबागेत राहते, टॅरो शिकून दीड वर्ष झालं, स्वतःपुरतंच करते, पैसे वगैरे घेत नाही. एक मुलगा आहे साताऱ्याचा, चौदा महिने झाले आमचं चाललंय. त्याला वडील नाहीत, घरी आई आणि तो दोघंच. अजून आईला सांगितलेलं नाहीये त्याने. गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून मी याच विषयावर अधूनमधून पत्ते काढते, साधा तीन पत्त्यांचा स्प्रेड, मी / तो / आमच्यातलं. आणि सात वेळा क्वीन ऑफ सोर्ड्स आली!! ७८ पत्त्यांत सात वेळा तीच. दुसऱ्या कुठल्या प्रश्नाला येत नाही, नोकरीचं विचारलं तर नाही, याचं विचारलं की हजर. मला वाटतं ती त्याची आई आहे. तलवार उगारून बसलेली, चेहरा कडक, आणि जुन्या अर्थात ही राणी विधवा मानतात असं वाचलंय. म्हणजे सासूबाईंचा नकार आधीच ठरलाय का? की पत्ते काही वेगळं सांगतायत? ज्यांना असा एकच पत्ता चिकटलाय त्यांनी अनुभव सांगा.

कंदी_पेढा
रुमाल टाकून ठेवतो. साताऱ्याच्या पोराचं नाव निघालंय म्हणजे आम्हाला लक्ष घालावंच लागणार.

रमीवाले_काका
ताई राणी परत परत येत असेल तर सोडू नका, राजा आणि गुलाम जवळ ठेवा, सीक्वेन्स लागतो. सात वेळा आली म्हणजे पिसणारा चांगला नाही एवढाच त्याचा अर्थ.

कृष्णाकाठची
काका रमी नाही हो, टॅरो 😅

रमीवाले_काका
असं होय. मग माझं सोडून द्या. पण पिसण्याचं खरंय.

मिरजेची_मैना
अगं मला टॉवर चिकटला होता दोन वर्षांपूर्वी, तो बुरूज कोसळतोय, माणसं खाली पडतायत तो. लग्नाचं विचारा टॉवर, बदलीचं विचारा टॉवर. मी इतकी घाबरले की डेक कपाटात टाकला. आणि शेवटी काय झालं तर आमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. हसू नका, खालच्यांच्या घरात पाणी शिरलं, भांडण झालं, ते अजून चालू आहे. म्हणून सांगते येणारा पत्ता कशाबद्दल येतोय ते आपण ठरवतो तेच असेल असं नाही.

गूढगंधा
टॅरो ही इजिप्तच्या पुजाऱ्यांची विद्या आहे, पत्ते उगाच येत नाहीत. एखादा पत्ता पाठलाग करतो म्हणजे धडा शिकायचा बाकी आहे, शिकलात की तो येणं आपोआप बंद होतं. तलवार म्हणजे वायुतत्त्व, बुद्धी आणि वाणी. राणी म्हणजे ते तत्त्व धारण करणारी स्त्री. आईच असेल असं नाही, पण स्त्रीच आहे. आणि हो, डेक धुपावर धरा, अमावास्येनंतर वापरा.

पत्तेवाली
गूढगंधा, वायू, बुद्धी, वाणी हे बरोबर. इजिप्त मात्र नाही. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला म्हणून निघाले, म्हणजे रमीवाले काका तसे फार चुकले नाहीत. इजिप्तची गोष्ट १७८१ मध्ये एका फ्रेंच लेखकाने लिहिली आणि तिथून पसरली. असो.

कृष्णाकाठची, तुझा डेक रायडर-वेटचाच ना, तो १९०९चा, पामेला कोलमन स्मिथने काढलेला? मग चित्र समोर ठेव. राणी बाजूने दिसते, तोंड आपल्या उजवीकडे. उजव्या हातात तलवार अगदी सरळ उभी, ती उगारलेली नाहीये गं, उगारलेली तलवार तिरकी असते. डावा हात पुढे केलाय, ये बोल म्हटल्यासारखा. मनगटाला गोंडा लोंबतोय. मुकुटावर फुलपाखरं, वर आकाशात एकच पक्षी. हा डेक करवून घेणाऱ्या वेटने पुस्तकात वैधव्य, विरह, वियोग असे अर्थ दिलेत, तू वाचलंयस ते तिथलंच. पण आज बहुतेक वाचणारे तिला दुःख पाहिलेली आणि म्हणून आडपडदा न ठेवता बोलणारी बाई म्हणून वाचतात. दोन्ही अर्थ धरले तरी ती "नकार" कुठेच म्हणत नाही. नकार तू आणलास.

आता मला तीन गोष्टी सांग. सातही वेळा ती कुठल्या जागेवर आली, शेजारी काय होतं, आणि तू नेमके कुठल्या शब्दांत विचारलं होतंस. वही ठेवतेस का?

तिरकस_वांगं
वेटचीच रीत लावायची तर अजून गंमत आहे. त्याने कुणासाठी कुठली राणी धरायची ते केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगावरून सांगितलंय. काळे केस, काळे डोळे असले की नाण्यांचं घराणं. म्हणजे अख्खा सांगली जिल्हा नाण्यांची राणी. सासूबाई तलवारीची राणी व्हायला त्यांना केस रंगवावे लागतील.

कंदी_पेढा
मेहंदी चालेल का?

आयर्विनखालचा
गणपती मंदिराकडं आधी पोपटवाला बसायचा, आमच्या आज्जीनं मला दोनदा नेलं, दोन्ही वेळेला पोपटानं एकच पाकीट काढलं बगा, "परदेशगमन". मी अजून कोल्हापूरच्या पुढं गेलो न्हाई. त्यो पोपटवाला बोटानं काहीतरी खूण करायचा असं आबा म्हणायचे. ताई, तुमच्या पत्त्यांचा पोपट कोण हाय ते बगा आदी.

आकडेमोड
वरचं वाक्य अख्ख्या धाग्यातलं सगळ्यात कामाचं आहे, थट्टा नाही करत.

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, टॅरोवर विश्वास नाही, पण प्रश्न आवडला. सातचं तपासायचं असेल तर एकूण किती वेळा पत्ते काढले ते लागेल. "अधूनमधून" चालणार नाही. आणि सातमध्ये काय काय धरलंय? पिसताना उडालेले, गठ्ठ्याच्या तळाशी दिसलेले, "अजून स्पष्ट कर" म्हणून वर काढलेले, सगळं धरलंय का?

कृष्णाकाठची
वही आहे आणि फोटो पण आहेत, मी दरवेळी फोटो काढते. आत्ता बसून मोजलं. थोडी लाज वाटतेय सांगायला. या एका विषयावर १९ वेळा काढलेत 🙈 आणि सातपैकी एकदा ती गठ्ठ्याच्या तळाला होती, एकदा चौथा पत्ता म्हणून काढली होती. तीन पत्त्यांत नीट अशी ५ वेळाच आली. तिसऱ्या, सातव्या, अकराव्या, चौदाव्या आणि सतराव्या वेळी.

जागा: तीनदा "मी" वर. एकदा "तो" वर, एकदा "आमच्यातलं" वर. माझ्या डोक्यात होतं की ती कायम त्याच्या बाजूला येते. तसं नाहीये.

आकडेमोड
छान, आता बोलता येईल. ७८ मधले ३ काढले तर एखादा ठरलेला पत्ता यायची शक्यता ३/७८, सव्वीसात एक. १९ वेळा काढल्यावर तो सरासरी पाऊण वेळ यावा. पाच किंवा जास्त वेळा येणं म्हणजे साधारण सोळाशेत एक. हे ऐकून गूढगंधा खूश होतील, पण थांबा. तुम्ही आधीपासून ठरवून राणीवर लक्ष ठेवलं नव्हतं. चंद्र पाच वेळा आला असता तर धागा चंद्रावर निघाला असता. ७८ पैकी कुठलाही एक पत्ता पाचदा येण्याची शक्यता वीसात एकच्या आसपास जाते. म्हणजे तुमच्यासारख्या वीस मुली वीस मुलांबद्दल पत्ते काढत बसल्या असतील तर एकीला असा धागा काढावाच लागणार.

आणि हे सगळं पत्ते नीट पिसले जातात असं धरून. कसे पिसता?

पत्तेवाली
आकडेमोड सर, मी पत्ते वाचते पण तुमच्याशी भांडण नाही. पिसण्याचं मीच विचारणार होते.

कृष्णाकाठची
उभे धरून वरचे थोडे थोडे खाली सोडते, आपण घरी पत्ते पिसतो तसेच. माझे हात लहान आहेत आणि हे पत्ते मोठे, दोन गठ्ठे करून फर्रर्र करायला जमत नाही. मग डाव्या हाताने काटते आणि वरचे तीन घेते.

आकडेमोड
दोन गठ्ठे एकमेकांत फर्रकन मिसळायच्या पद्धतीत ५२ पत्त्यांना सातेक वेळा पुरतात, बायर आणि डायकोनिस यांनी १९९२ मध्ये ते दाखवलंय. तुमच्या पद्धतीत शेजारचे पत्ते शेजारीच राहतात, लहान लहान पुंजक्यांनी फिरतात. मागच्या वेळचे तीन पत्ते वर ठेवून पाचसहा वेळा असं पिसलं तर ते फारसे सुटत नाहीत. पण त्याने एवढंच होईल की जुने तिघे परत एकत्र येतील. एकटी राणी पाचदा का, हे त्यातून निघत नाही. काहीतरी अजून आहे.

रमीवाले_काका
दुमडलाय का पत्ता?

कृष्णाकाठची
नाही काका, कोरा आहे डेक, मी रेशमी रुमालात ठेवते.

रमीवाले_काका
दुमडलाय म्हणजे घडी पडलीय असं नाही म्हणत. बाक आलाय का बघ. चाळीस वर्षं खेळतोय, आमच्या ग्रुपात एकाने हुकमाचा एक्का मुद्दाम किंचित वाकवून ठेवला होता, काटला की बरोबर तिथेच गठ्ठा फुटायचा. तीन महिन्यांनी कळलं, तोवर चहाचे पैसे आम्हीच देत होतो. असं कर, गठ्ठा चारही बाजूंनी ठोकून सारखा कर, टेबलावर ठेव, खाली वाकून डोळा कडेच्या रेषेत आण. एखाद्या ठिकाणी केसाएवढी फट दिसली तर तिथला पत्ता बघ.

कृष्णाकाठची
काका 😳😳😳
फट आहे. एकच. काढून बघितला तर तीच.

आणि आता आठवलं. सातव्या वेळी आली तेव्हा मला फार लागलं होतं, म्हणून मी तो पत्ता ध्यानासाठी म्हणून आरशाच्या चौकटीत खोचून ठेवला होता, आठ-नऊ दिवस. खालचं टोक चौकटीत आणि वर मोकळा. त्याला मधोमध पोट आलंय, सपाट टेबलावर ठेवला तर डुगडुगतो.

आयर्विनखालचा
घावला की पोपट!

तिरकस_वांगं
म्हणजे सासूबाईंना आरशासमोर तुम्हीच बसवलंत.

गूढगंधा
पण आरशात तोच पत्ता का खोचावासा वाटला? आणि पहिल्या दोन वेळा तर बाक नव्हता ना? तेव्हा का आला? तुम्ही लोक कारण सापडलं की अर्थ संपला असं समजता.

आकडेमोड
चांगला प्रश्न. पहिल्या सात वेळांचं बघू, कारण पत्ता त्यानंतर वाकला. सात वेळांत एखादा ठरलेला पत्ता दोनदा किंवा जास्त येण्याची शक्यता साधारण सदतीसात एक. पत्ते ७८. म्हणजे कुठले तरी दोन-तीन पत्ते दोनदा आलेले असायलाच हवेत. कृष्णाकाठची, पहिल्या सात फोटोंत राणीशिवाय अजून कोण दोनदा आलंय?

कृष्णाकाठची
टू ऑफ कप्स दोनदा. फोर ऑफ पेंटॅकल्स पण दोनदा. माझ्या लक्षातही आलं नव्हतं. टू ऑफ कप्स तर प्रेमाचा पत्ता आहे, तो दोनदा आला आणि मी धागा राणीवर काढला.

मिरजेची_मैना
हेच तर गं. चांगलं येतं ते आपण बरोबरच आहे म्हणून सोडून देतो.

कृष्णाकाठची
अजून एक करून बघितलं, न बघता वीस वेळा नुसतं काटलं. सहा वेळा गठ्ठा राणीपाशीच फुटला. सर, किती यायला हवी होती?

आकडेमोड
वीस वेळांत दोनदा आली असती तरी मी भुवया उंचावल्या असत्या. माझ्याकडून विषय संपला.

पत्तेवाली
माझ्याकडून नाही, थोडं लांब लिहिते, सांभाळून घ्या.

किती वेळा आली हे आता सोडून दे. त्यात पत्त्याच्या बाकाचा हात आहे, मान्य. माझ्या गुरूंचा पहिला नियमच होता, डेक सहा महिन्यांनी एकदा कडेवर धरून बघायचा आणि वाकलेला पत्ता दोन जाड पुस्तकांखाली आठवडाभर उलट्या बाजूने ठेवायचा. पावसाळ्यात आपल्याकडे जास्तच. आणि एकाच माणसाबद्दल एकोणीस वेळा विचारायचं नाही, परिस्थिती बदलली नसेल तर महिनाभर थांबायचं. कारण एकोणिसाव्या वेळी तू प्रश्न विचारत नसतेस, मनासारखं येईपर्यंत फिरवत असतेस.

पण पहिल्या दोन वेळा, बाक नसताना, ती कुठे आली ते तुझ्या वहीत आहे. तिसऱ्या आणि सातव्या वेळी. जागा सांग, शेजारी कोण ते सांग, प्रश्न सांग.

कृष्णाकाठची
तिसऱ्या वेळी: राणी "मी" वर, "तो" वर नाइट ऑफ कप्स, "आमच्यातलं" वर टू ऑफ सोर्ड्स. सातव्या वेळी: राणी "मी" वरच, मग फोर ऑफ पेंटॅकल्स, मग एट ऑफ सोर्ड्स. प्रश्न दोन्ही वेळा जवळपास एकच लिहिलाय, "तो आईला कधी सांगेल".

पत्तेवाली
हे तीन पत्ते ओळीत मांड. डावीकडे राणी, तोंड उजवीकडे, म्हणजे ती त्याच्याकडे बघतेय, हात पुढे. मधे कप घेऊन निघालेला घोडेस्वार, घोडा कसा हळू चाललाय बघ, आणि त्याचंही तोंड उजवीकडे. म्हणजे तिच्याकडे त्याची पाठ आहे. आणि तो ज्या दिशेने चाललाय तिथे टू ऑफ सोर्ड्स, डोळ्याला पट्टी बांधून दोन तलवारी छातीशी आडव्या धरून बसलेली बाई. दुसऱ्या वेळी एट ऑफ सोर्ड्स, तिथेही डोळ्याला पट्टी. दोन्ही वेळा तुमच्यातलं जे आहे ते न बघणारं. आणि दोन्ही वेळा तलवार सरळ धरून उघड्या डोळ्यांनी बसलेली बाई तुझ्या जागेवर आहे, सासूबाईंच्या नाही.

तू विचारलंस तो कधी बोलेल. तुझ्या जागेवर बोलणारीचा पत्ता आला. मी असते तर एवढंच वाचलं असतं की त्याला सरळ विचार. तू त्याला विचारलंयस का एकदा तरी, स्पष्ट?

आकडेमोड
हे तुम्ही कुठलाही पत्ता आला असता तरी म्हणाला असता ना?

पत्तेवाली
कुठलाही नाही. त्या जागेवर फोर ऑफ पेंटॅकल्स असता तर म्हटलं असतं, तूच घट्ट धरून बसलीयस, थोडं सोड. हर्मिट असता तर म्हटलं असतं, काही दिवस विषयच काढू नकोस. पण हो, चौदा महिने न विचारलेल्या मुलीला "विचार" हे पत्त्यांशिवायही सांगता आलं असतं, ते मी नाकारत नाही.

गूढगंधा
तरी मी म्हणेन बाक यायला पण काहीतरी निमित्त लागतं.

आकडेमोड
आरशाची चौकट.

कंदी_पेढा
अवांतर: इस्पिकची राणी आणि ही एकच का? आमच्याकडे काळी राणी अंगावर आली की तेरा गुण चढतात.

पत्तेवाली
नातं आहे. इटालियनमध्ये तलवारींना स्पादे म्हणतात, इंग्रजीतलं स्पेड तिथूनच आलं असं मानतात. साध्या पत्त्यांवर भविष्य सांगणारे पण इस्पिकच्या राणीला विधवा म्हणायचे.

रमीवाले_काका
आमच्यात इस्पिकची राणी आली की दहा गुण, बाकी काही नाही.

कृष्णाकाठची
चार दिवसांनी लिहितेय. पत्ता शब्दकोशाखाली दाबून ठेवलाय.

पत्तेवाली ताईंनी विचारलं त्याचं उत्तर नाही असं होतं. सरळ कधीच विचारलं नव्हतं, "घरी काय म्हणतात" असं फिरवून विचारायचे आणि तो "बघू" म्हणायचा. काल फोनवर विचारलं, तू आईला आपलं कधी सांगणार आहेस, तारीख सांग. तो गप्प झाला. मग म्हणाला, "सांगितलंय की. जूनमध्येच." आई म्हणाली आत्ता थांब, कारण विचारलं तर सांगितलं नाही, आणि मला वाईट वाटेल म्हणून हा पाच महिने बोलला नाही.

मला रागावायचं की बरं वाटून घ्यायचं कळत नाहीये. म्हणजे आईने नकार दिलेला नाही. पण होकार पण नाही. आणि जूनपासून मी वहीत "कधी सांगेल, कधी सांगेल" लिहीत बसले होते.

मिरजेची_मैना
बाई गं. थांब म्हणजे काय, कशासाठी थांब?

गूढगंधा
मग आई पण आलीच ना पत्त्यांत. मी म्हटलं होतं स्त्री आहे.

तिरकस_वांगं
अख्ख्या गोष्टीत दोनच स्त्रिया आहेत, एक तर लागणारच होती.

पत्तेवाली
आता पत्ते काढू नकोस. "थांब" चं कारण तिला माहितीये आणि ती साताऱ्यात आहे, गठ्ठ्यात नाही.

कृष्णाकाठची
नाही काढले. त्याला म्हटलंय रविवारी मी येते, आईंशी मीच बोलते. तो म्हणाला आईला विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.

आयर्विनखालचा
आला की कळवा ताई. आन जाताना भडंग घिऊन जावा, तिखट नको, साधं.

कंदी_पेढा
पोवई नाक्याला उतरलात की आवाज द्या.